कुवेतच्या तेलविहिरी आणि एक ‘आणि’

प्रश्न: १९९१ मध्ये इराकने कुवेतच्या तेलविहिरी पेटवल्या, तो पर्यावरणाविरुद्धचा युद्धगुन्हा ठरला का?

नाही. सहाशेहून जास्त विहिरी पेटल्या, शेवटची आग नोव्हेंबरात विझली, वाळवंटात तेलाची तळी साचली. पण युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारानुसार नुकसान व्यापक, दीर्घकालीन ‘आणि’ गंभीर लागतं. तिन्ही एकदम! त्यात दीर्घकालीन म्हणजे काही दशकं, आणि धूर तर काही महिन्यांत ओसरला. शिवाय इराक तेव्हा त्या करारात नव्हताच. (भारत आजही नाही.)

भरपाई मात्र वसूल झाली. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६८७ ने इराकला जबाबदार धरलं, तेही बेकायदा आक्रमणाबद्दल. त्यामुळे ‘दीर्घकालीन’ सिद्ध करायची वेळच आली नाही.