पस्तीस टक्के जादा, पण कशावर?

प्रश्न: सोलापुरात सात रस्त्याजवळ आमची १२ फ्लॅटची १९८८ सालची सोसायटी आहे, प्लॉट दहा गुंठ्यांचा. माझा फ्लॅट आतून मोजला तर ५३० चौ. फूट भरतो, शिवाय ४० ची बाल्कनी. पुनर्विकासासाठी दोन बिल्डरांची पत्रे आली आहेत. पहिला ३५ टक्के जादा म्हणजे ७१५ चौ. फूट, २४ महिने ९,००० रुपये भाडे आणि २ लाख कॉर्पस देतो म्हणतो. दुसरा २२ टक्के जादा म्हणजे ६४७ चौ. फूट, ताबा मिळेपर्यंत १२,००० भाडे, दरवर्षी त्यात १० टक्के वाढ आणि साडेचार लाख कॉर्पस. बहुतेक सभासद पहिल्याकडे झुकलेत. मी निवृत्त शिक्षिका, एकटीच असते, पेन्शनवर भागते. आमच्या भागात असा फ्लॅट ११,००० ने भाड्याने मिळतो, नवा फ्लॅट कार्पेटवर ६,५०० च्या दराने विकला जातो. सध्या मेंटेनन्स महिना ६०० देते. दोन्ही पत्रे आणि आर्किटेक्टचा अहवाल सोबत पाठवला आहे. मत कोणाला द्यावे?

उत्तर: ताई, दोन्ही पत्रे बारकाईने वाचली. पहिल्या पत्रात ७१५ या आकड्यापुढे ‘एकूण वापरण्यायोग्य क्षेत्र, बाल्कनी व ड्राय बाल्कनीसह’ असे लिहिले आहे. दुसऱ्यात ६४७ पुढे ‘रेरा कार्पेट, बाल्कनी ५० चौ. फूट वेगळी’ असे आहे. म्हणजे दोघांनी वेगवेगळ्या मापाने मोजून टक्के काढलेत, आणि सभासद मात्र ३५ आणि २२ समोरासमोर ठेवून बघताहेत.

आधी माप एक करू. रेरा कायद्यातल्या कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची येत नाही, पण घरातल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागा येते. तुमचे ५३० हे खोलीच्या आतून टेप लावून काढलेले आहेत, त्यात त्या भिंती नाहीत. एवढ्या आकाराच्या घरात आतल्या भिंती साधारण २५ चौ. फूट खातात, म्हणून दोन्ही नव्या फ्लॅटमधून तेवढे वजा करावे लागतील.

पहिल्याच्या नकाशात बाल्कनी ५५ आणि ड्राय बाल्कनी २५ दाखवली आहे. ७१५ मधून हे ८० गेले की रेरा कार्पेट ६३५ उरते आणि आतल्या भिंती वजा केल्यावर खोल्यांना ६१० मिळतात. दुसऱ्याचे ६४७, भिंती वजा जाता ६२२. तुमच्या ५३० च्या तुलनेत खोल्यांमध्ये पहिला ८० चौ. फूट वाढवतो, दुसरा ९२. बाल्कन्या धरल्या तर आजचे ५७०, पहिल्याचे ६९० आणि दुसऱ्याचे ६७२. पहिला बाल्कनी थोडी मोठी देतो, दुसरा खोल्या थोड्या मोठ्या देतो. क्षेत्रफळाच्या बाबतीत दोघे जवळपास बरोबरीत आहेत, आणि ज्या एका आकड्यावर सोसायटी मत देणार आहे तो आकडाच बाजूला पडतो.

सभेत हे मांडायचे तर टक्क्यांवर वाद घालू नका. दोन्ही बिल्डरांकडून तुमच्या फ्लॅटचा प्लॅन मागा, ज्यात प्रत्येक खोलीची प्लॅस्टरनंतरची आतली लांबी-रुंदी लिहिलेली असेल. सोसायटीच्या आर्किटेक्टकडून आजचे बाराही फ्लॅट एकाच पद्धतीने मोजून घ्या आणि तो तक्ता करारनाम्याला जोडा. नाही तर काम अर्ध्यावर आल्यावर ‘तुमचे मूळ क्षेत्र ५३० नाही, ५०५ आहे’ असे ऐकावे लागते आणि जादाचे टक्के त्या कमी आकड्यावर निघतात.

आता भाडे. तुमचा खरा धोका इथे आहे, कारण दर महिन्याला पैसे पेन्शनमधून जाणार. पहिल्याच्या पत्रात २४ महिने ‘बांधकाम परवाना मिळाल्यापासून’ मोजले आहेत, घर रिकामे केल्यापासून नाही. घर सोडणे आणि महापालिकेचा परवाना हातात येणे यांत काही महिने सहज जातात. होटगी रस्त्याच्या विमानतळामुळे उंचीची परवानगी लागणार असेल तर आणखी. शासनाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रकल्पाला दोन वर्षे आणि अपवादाने तीन वर्षे धरली आहेत. म्हणून हिशेब तीन वर्षांचा करा.

आजचे ११,००० भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले असे धरले तर तीन वर्षांत तुम्ही सुमारे ४ लाख १६ हजार भराल. पहिल्याकडून मिळतील २ लाख १६ हजार. तूट बरोबर २ लाखांची, म्हणजे त्याच्या सगळ्या कॉर्पसइतके पैसे ताबा मिळायच्या आधीच भाड्यात गेले. दुसऱ्याकडून त्याच तीन वर्षांत सुमारे ४ लाख ७७ हजार येतील; ६० हजारांच्या आसपास उरतील, त्यातून दोनदा सामान हलवणे आणि एजंटाची दलाली निघेल. काम खरोखर दोन वर्षांत झाले तरी पहिल्याकडे तुम्हाला पदरचे ५५ हजार घालावे लागतील.

कॉर्पस बघताना मेंटेनन्स डोळ्यांसमोर ठेवा. आज जिन्याची तीन मजली इमारत आहे म्हणून ६०० मध्ये भागते. नव्या इमारतीत लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा, रखवालदार येतील. पाणी साठवून वापरायची आपल्या शहराची सवय पाहता खालची टाकी आणि पंपही मोठे असतील. बारा जुने आणि नवे मिळून तीसेक फ्लॅट धरले तरी महिना अडीच हजार धरून चाला. वाढीव खर्च वर्षाला २२,८०० रुपये. दोन लाख ६.५ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला १३,००० मिळतात, साडेचार लाखांवर २९,२५०. पहिला कॉर्पस वाढीव मेंटेनन्सही भागवत नाही. दुसरा आज भागवतो. मेंटेनन्स वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत गेले तर चारपाच वर्षांनी तोही कमी पडू लागेल. तेव्हा हे पैसे खर्चाच्या खात्यात न ठेवता वेगळ्या ठेवीतच ठेवा.

इथपर्यंत वाचून दुसऱ्याला मत द्यावे असे वाटेल, पण थांबा. तो एवढे देऊ शकतो का, हे पाहणे तितकेच गरजेचे आहे. आर्किटेक्टच्या अहवालात प्लॉटवर एकूण २०,००० चौ. फूट कार्पेट निघते. दुसऱ्याला त्यातले ७,७६४ तुम्हा बारा जणांना द्यायचे, उरलेले १२,२३६ विकायचे. ६,५०० दराने ७ कोटी ९५ लाख येतील. कार्पेट २०,००० असले तर बांधकाम अंदाजे २७,००० चौ. फूट होते. ते २,००० दराने ५ कोटी ४० लाख, बाराजणांचे तीन वर्षांचे भाडे ५७ लाख, कॉर्पस ५४ लाख, महापालिकेचे प्रीमियम आणि इतर परवाने ७० लाख धरले तर खर्च ७ कोटी २१ लाखांवर जातो. हातात उरतात ७४ लाख. त्यातूनच कर्जाचे व्याज आणि विक्रीचा खर्च जायचा. बांधकामाचा दर सिमेंट-लोखंडामुळे थोडा वाढला किंवा फ्लॅट विकायला वर्षभर उशीर झाला की हा नफा संपतो, आणि बिल्डरचे पैसे संपले की पहिले बंद होते ते सभासदांचे भाडे.

पहिल्याचा हाच हिशेब केला तर विक्रीतून ८ कोटी ५ लाख, खर्च ६ कोटी ६० लाख आणि उरतात १ कोटी ४५ लाख. म्हणजे त्याच्याकडे द्यायला जागा आहे. बांधकामाचे आणि परवान्यांचे आकडे माझे अंदाज आहेत, तुमच्या आर्किटेक्टकडून दुरुस्त करून घ्या. पण दोघांमधला फरक त्याने पुसला जाणार नाही.

म्हणून माझे मत असे: आज दोघांपैकी कोणालाच मत देऊ नका. पहिल्याला परत बोलवा आणि दुसऱ्याचे भाडे त्याच्याकडून मागा: १२,०००, दरवर्षी १० टक्के वाढ, घर रिकामे केल्याच्या दिवसापासून भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा देईपर्यंत, आणि फर्निचरसाठी वर एक महिना. याचा त्याला सुमारे ३३ लाखांचा जादा बोजा पडतो. कॉर्पस साडेतीन लाख केला तर आणखी १८ लाख. तरीही त्याच्याकडे ९४ लाख उरतात, दुसऱ्याच्या ७४ लाखांपेक्षा जास्त. क्षेत्रफळ ७१५ च्या ऐवजी ‘रेरा कार्पेट ६४७, बाल्कनी वेगळी’ असे लिहून घ्या. त्यात त्याचे आणखी साधारण ९ लाख जातील, तरी शिल्लक ७४ लाखांच्या वरच राहते. त्याने हे मान्य केले तर त्याच्याकडे जावे. साफ नाही म्हणाला तर दुसऱ्याकडे वळावे, पण मग बँक गॅरंटीवर, म्हणजे बिल्डर अडला तर सोसायटीला पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, अजिबात तडजोड करू नये.

ही गॅरंटी प्रकल्प खर्चाच्या २० टक्के असावी असे शासनाच्या त्याच २०१९ च्या सूचनांमध्ये आहे. सोसायटीच्या नावावर, राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेची, प्रकल्प संपेपर्यंत नूतनीकरण होणारी हवी. मुदत संपायच्या दोन महिने आधी सचिवांनी बँकेत विचारणा करायची, कारण गॅरंटी कपाटात राहते आणि तिची तारीख निघून जाते, असे फार ठिकाणी घडते. भाड्याचे पहिल्या वर्षाचे पैसे घर सोडतानाच खात्यात यावेत आणि पुढच्या वर्षांचे चेक आधी मिळावेत. कॉर्पसचा निम्मा भाग घर सोडताना तुमच्या वैयक्तिक खात्यात मागा. पहिल्याच्या पत्रात तो पूर्ण ‘ताबा देताना’ आणि सोसायटीच्या खात्यात आहे, हे तुम्हाला मानवणारे नाही.

घर सोडण्याआधी तुमच्या नावाचा पर्यायी कायम निवासाचा स्वतंत्र करारनामा नोंदवून घ्या. सोसायटीचा विकास करार तुमच्या एका फ्लॅटपुरता पुरेसा नाही. सभासदाला मोबदल्यात मिळणाऱ्या क्षेत्रावर अशा करारनाम्याला पुन्हा मुद्रांक लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. विकत घेतलेल्या जादा क्षेत्रावर मात्र लागतो. सभासदांच्या फ्लॅटवरचा जीएसटी बिल्डर भरेल, हे वाक्य दोन्ही पत्रांत नाही. ते घालून घ्या, नाही तर ताब्याच्या वेळी मागणीपत्र येईल.

तात्पुरत्या घरभाड्याच्या रकमेवर टीडीएस कापायचा नाही असा याच न्यायालयाचा २०२४ चा निर्णय आहे. तरी तुम्ही खरोखर भरलेल्या भाड्याच्या पावत्या आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार जपून ठेवा. कॉर्पसवरच्या कराबाबत रक्कम मिळेल त्या वर्षी सीएला करारनामा दाखवा. करारात ‘गैरसोयीची भरपाई’ असे शब्द असतील तर तुमची बाजू मजबूत राहते. ठेवीवरचे व्याज मात्र दरवर्षी उत्पन्नात धरावे लागेल.

पुढच्या सभेआधी शेजारच्या दोघातिघांना घेऊन पहिल्या बिल्डरचा सध्या चालू असलेला प्रकल्प महारेराच्या संकेतस्थळावर शोधा. त्यात मूळ पूर्णत्वाची तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख दिसते. तिथल्या जुन्या सभासदांना एकच विचारा: गेल्या सहा महिन्यांत भाडे कोणत्या तारखांना जमा झाले?