पुश आणि पुल सप्लाय चेनमधला फरक पेपरात १० मार्कांना येतो. व्यवहारातलं उदाहरण कोणतं देऊ?

व्याख्या चार ओळींत उरका. मागणीचा अंदाज बांधून माल आधीच बनवायचा आणि पुढे ढकलायचा, हा पुश. ऑर्डर हातात पडल्यावर कामाला लागायचं, हा पुल. उरलेली सगळी जागा एकाच उदाहरणाला द्या आणि त्यात पुश कुठे संपतो, पुल कुठे सुरू होतो, हे दाखवा. अख्खी साखळी पुश किंवा अख्खी पुल क्वचितच असते.

मी देईन ते रंगाच्या दुकानातल्या टिंटिंग मशीनचं. मामांच्या दुकानात मी सहा वर्षं काउंटरवर होतो. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं. आम्ही त्या शेडला चालणाऱ्या बेसचा, म्हणजे अजून शेड न दिलेल्या रंगाचा डबा काढतो, शेडचा कोड मशीनला देतो, डब्यात कलरंट, म्हणजे शेड आणणारे दाट रंग पडतात, मग डबा शेकरमध्ये घुसळायचा. दहा मिनिटांत रंग तयार.

आता हिशोब मांडा. समजा शेड १०००, आणि प्रत्येक शेड १, ४, १० आणि २० लिटरमध्ये. तयार रंग ठेवायचा तर ४००० प्रकारचे डबे लागतील. मशीन असेल तर ४ बेस, प्रत्येकी ४ आकार, म्हणजे १६, आणि वर साधारण १६ कलरंट. एकूण ३२. बेस अंदाजावर येतो, तो पुश. शेड गिऱ्हाईक सांगेल तेव्हा बनते, तो पुल. दिवाळीआधी कोणती शेड खपेल हे कुणालाच सांगता येत नाही, पण एकूण किती रंग जाईल हे बऱ्यापैकी सांगता येतं, कारण एका शेडचा चुकलेला अंदाज दुसरी भरून काढते. परीक्षकाला हे कारण दिसलंच पाहिजे, नुसते आकडे नकोत.

मशीन येण्याआधीचा पुशही आम्ही भोगलाय. महिनाअखेर टार्गेट गाठायला एका कंपनीचा माणूस गडद तयार शेडचे डबे उधारीवर उतरवून जायचा. कंपनीच्या वहीत विक्री झाली, आमच्या काउंटरवर मात्र काहीच हललं नाही. दोन वर्षांनी डबे उघडले तर वर साय, तळाशी घट्ट गाळ. बिलं महिनाअखेर फुगतात आणि किरकोळ खप होता तिथेच राहतो, ही अशा पुशची खूण.

पुलची मर्यादाही लिहा. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं, दहा दिवस नाही. गडद शेडचा बेस संपला की मशीन असून नसल्यासारखं. शिवाय एकदा टिंट केलेला डबा परत घेता येत नाही.

परदेशी उदाहरण हवंच असेल तर बेनेटनचं एका वाक्यात द्या: त्यांनी स्वेटर आधी बिनरंगी विणून ठेवले आणि कोणता रंग चालतोय हे दिसल्यावर रंगवले. आकृतीत कारखाना, डेपो, दुकान, गिऱ्हाईक अशी साखळी काढा आणि पुश संपून पुल सुरू होतो ते दाखवणारी तुटक रेघ दुकानाच्या चौकटीतच, बेसच्या रॅक आणि मशीनच्या मध्ये मारा.