प्रतिसाद-दर लिहिताना भाजक आधी सांगा

पहिलाच सर्व्हे आहे, तर भाजकापासून, म्हणजे ज्या एकूण घरांपैकी टक्केवारी काढायची त्या संख्येपासून सुरुवात करा. समजा, नागपूरच्या धरमपेठ आणि इतवारी या वस्त्यांतून प्रत्येकी 200 घरं निवडली. दोन्हीकडे दहा-दहा जागी घर नव्हतंच, दुकान निघालं, ती वगळा. कुलूपबंद घरं मात्र वगळू नका, नवशिके इथेच चुकतात. प्रश्नावल्या 228 भरून आल्या, म्हणजे 380 पैकी 60 टक्के. हे सगळे आकडे पद्धतीच्या भागात लिहा.

आता उत्तर न दिलेल्यांकडे बघा. धरमपेठेत 190 पैकी 133 घरांनी उत्तर दिलं, इतवारीत 190 पैकी फक्त 95 घरांनी. उत्तरं धरमपेठेकडे झुकलेली आहेत, आणि एकूण 60 टक्क्यांत ते दिसत नाही. म्हणून मुख्य उत्तर वस्तीनुसार बदलतं का, तेही तपासून लिहा. बदलत असेल तर एकत्रित सरासरीवर विसंबू नका. भारांकन, म्हणजे कमी उत्तरं आलेल्या वस्तीला हिशेबात जास्त वजन देणं, नंतर शिकता येईल.