दोन मिनिटांचा मोनोलॉग आणि सही न करणारी आजी

प्रिय बाळा,

नाट्यशाळेच्या ऑडिशनसाठी लिहिलेला तुझा मोनोलॉग वाचला. विषय झकास आहे, आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल, तिथे राबलेले आजोबा, त्यांचे अडकलेले पैसे, आणि हे तुझ्या घरातलंच आहे हे शब्दाशब्दात कळतं. पण आत्ता जे कागदावर आहे ना ते निवेदन झालंय, शाळेत पंधरा ऑगस्टला माईकवर म्हणतात तसं, मोनोलॉग अजून झालेला नाही. कसा होईल ते सांगतो, जरा लांबेल पत्र, चहा घेऊन बस.

आधी एक कोरडं काम. प्रवेशाच्या फॉर्मवरच्या सूचना परत नीट वाच. बऱ्याच नाट्यशाळा छापील नाटकातलाच उतारा मागतात, कुठे कुठे तर त्यांनी दिलेल्या यादीतलाच, आणि तिथे स्वतः लिहिलेलं चालतच नाही. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये स्वतःचं लिहिलेलं चालेल असं स्पष्ट आहे म्हणून मी पुढचं लिहितोय, पण अजून दोन-तीन ठिकाणी भरणार असशील तर हाच तुकडा सगळीकडे खपेल असं धरून चालू नकोस. आणि स्वतः लिहिलं म्हणून जास्तीचे मार्क कोणी देत नाही हेही डोक्यात ठेव, समोरचे लोक नट निवडायला बसलेत, लेखक नाही. त्यामुळे सुंदर वाक्यं लिहायच्या मागे लागू नकोस, तुला खेळायला काय मिळतंय ते बघ.

आता तुझी सुरुवात. "१९९१ साली हुकुमचंद मिल बंद झाली आणि माझ्या आजोबांचं आयुष्य थांबलं." बरोबर आहे, मिल ९१लाच बंद पडली, आणि कामगारांच्या पैशाचा निकाल लागून ते मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला, तोपर्यंत कितीतरी कामगार गेलेही होते. पण हे वाक्य तू कोणाला सांगतेयस? ऐकणारा कोणीच नाही. ऐकणारा नाही म्हणजे तुला कोणाकडून काही नकोय, आणि काही नको असेल तर नटाला करायला उरतं काय, तर फक्त दुःखी चेहरा. ऑडिशनला दिवसभर तोच चेहरा बघून पॅनेल कंटाळलेलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न असा की समोर कोण आहे आणि ह्या दोन मिनिटांत तुला त्याच्याकडून नेमकं काय हवंय. "त्यांनी मला समजून घ्यावं" असलं धूसर उत्तर चालणार नाही. घडलं की नाही ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुझ्याच गोष्टीतून काढू. आजोबा गेलेत. मिलचे पैसे आता आजीच्या नावावर यायचेत, फॉर्मवर तिची सही हवी. आजी सही करत नाही, कारण सही केली म्हणजे हिशोब मिटला आणि नवरा ज्यासाठी आयुष्यभर भांडला ते भांडण संपलं. नात फॉर्म घेऊन आलीय. तिला सही हवीय. बास, एवढंच. सही मिळते किंवा मिळत नाही, तिसरं काही नाही.

आणि नातीकडे एक लपवलेली गोष्ट दे. त्या पैशातून तिला स्वतःची फी भरायचीय आणि हे ती आजीला सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर आजोबांच्या घामाच्या पैशावर डोळा ठेवून आली असं होईल. आता बघ, तोंडाने एक मागतेय आणि आत दुसरंच आहे, हे मिळालं की तुला रडायची गरजच पडत नाही, लपवणं हेच तुझं काम होतं.

मी कच्चं लिहून पाहिलं, तू तुझ्या शब्दांत बदल:

"वाच ना आजी. चष्मा घाल, मी थांबते… हो, तोच आकडा. कमी आहे, मलापण दिसतंय. पण खाली ह्या रेघेवर फक्त नाव लिहायचंय. त्यांचं नाही गं, तुझं… बँक चारला बंद होईल. बाबा म्हणालेत आजच्या आज व्हायला पाहिजे. असं बघू नकोस ना. बरं, नाही म्हणाले, त्यांना माहीतच नाही मी आलेय… तो डबा ठेव आधी खाली. रोज घासतेस, रोज पालथा घालतेस, कोण नेणारे तो डबा? सॉरी. सॉरी आजी. मला तसं नव्हतं म्हणायचं… मला फी भरायचीय. माझी. पंधरा तारीख शेवटची आहे. झालं, आता कळलं तुला मी का आलेय. नको करूस सही… नाही, कर. काळं नको, निळं पेन लागतं. हे घे."

हे शंभरच्या आतबाहेर शब्द आहेत, मधल्या जागा धरून सव्वा मिनिटाच्या आसपास जातील. तुझा ड्राफ्ट चारशेच्या वर आहे, तो दोन मिनिटांत बसवायचा तर तुला ट्रेन पकडायचीय असं वाटेल. साधारण हिशोब असा धर की बोलण्याच्या वेगाने, थांबे धरून, दोन मिनिटांत दोनशे-सव्वादोनशे शब्द आरामात बसतात. तरी तू एक मिनिट पन्नासला संपेल असंच लिही. ऑडिशनच्या खोलीत माणूस एकतर पळतो नाहीतर थांबे ताणतो, आणि वेळ झाली की ते थँक्यू म्हणतात, वाक्य अर्धं असलं तरी. आणि हे मोजताना मनात वाचून मोजू नकोस, उभी राहून, मोठ्याने, हातात कागद घेऊन, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून.

म्हणूनच फीची गोष्ट शेवटच्या ओळीत ठेवायची नाही. लोक ती शेवटी ठेवतात, धक्का म्हणून, आणि मग ती बोलून झाल्यावर त्या माणसाचं काय होतं हे दाखवायला वेळच उरत नाही. साधारण दोन तृतीयांशावर ती फुटली पाहिजे, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास, आणि पुढची अर्धी-पाऊण मिनिट आता लपवायला काही नाही अशी मुलगी दिसली पाहिजे. तीच जागा पॅनेल बघतं. माझ्या तुकड्यात ती घाईत आलीय, तुझ्याकडे अजून शंभर शब्द आहेत, ते तिथे घाल.

डब्याबद्दल विचारशील. मिल, युनियन, कोर्ट हे सगळं मी काढून टाकलं आणि आजोबांचा मिलला न्यायचा एक डबा ठेवला, कारण आजीला मिल कधी बंद झाली हे नातीने सांगायची गरज नाही, तिला ते रोज माहितीये. ज्याला जे माहितीये ते त्यालाच परत सांगायला लागलीस की समज, तू आजीशी बोलत नाहीयेस, पॅनेलला माहिती पुरवतेयस. तपासायला सोपं आहे, प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचार, हे ऐकून आजी "मला काय सांगतेस" म्हणेल का? म्हणेल असं वाटलं तर वाक्य खोड. तुझ्या ड्राफ्टमधला पहिला अख्खा परिच्छेद असाच जाईल, वाईट वाटेल, जाऊ दे.

न ऐकू येणाऱ्या उत्तरांचं एक असतं. नवीन लिहिणारा हमखास लिहितो, "काय म्हणालीस? सही करणार नाही? का पण?" म्हणजे आजीचं वाक्य नात स्वतःच बोलून दाखवते. फोनवर बोलण्याची नक्कल वाटते ती. आजीला बोलू दे, तू ऐक, आणि जे ऐकलंस त्याचं उत्तर दे, प्रश्न रिपीट करू नकोस. "हो, तोच आकडा" म्हटलं की आजीने काय विचारलं ते कळतंच की. पण प्रत्येक ठिपक्यांच्या जागी आजी नेमकं काय म्हणते किंवा करते ते तुझ्या वहीत लिहिलेलं असू दे, नाहीतर तो थांबा पोकळ जातो आणि लगेच कळतं.

आता ही गोष्ट लिहितानाच ठरवायची असते, आणि ती कोणी सांगत नाही. आजी कुठे आहे? तुझ्या मनात ती बहुतेक जमिनीवर बसून भाजी निवडत असेल. छान चित्र आहे पण मग तुझी नजर दोन मिनिटं खाली, आणि समोरच्यांना तुझ्या पापण्या आणि भांग दिसणार. तिला उभी कर. ओट्याशी उभी आहे, डबा पुसतेय, म्हणजे तुझ्या डोळ्यांच्या रेषेत आली. खोलीत ती पॅनेलच्या डोक्याच्या जरा वर किंवा दोन खुर्च्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत ठेव, थेट कोणाच्या डोळ्यांत बघून त्यांना आजी बनवू नकोस, त्यांना लिहायचं असतं, ते बिचारे अवघडतात. आधी व्हिडिओ मागितला असेल तर आजी लेन्सच्या अगदी शेजारी, लेन्समध्ये नाही. सामान म्हणशील तर फक्त फॉर्म आणि पेन, खरे. डबा आजीच्या हातात आहे, तो तुला दाखवायचाच नाही, हवेत भांडी घासायची अजिबात नाहीत.

भाषेचं थोडक्यात. पुण्याकडे देणार असशील तर मराठीतच कर, आणि आपली इंदूरची मराठी राहू दे, तिला घासूनपुसून पुणेरी करू नकोस. भोपाळ किंवा दिल्लीसाठी हिंदीत परत लिहावं लागेल, तेव्हा वाक्यन्‌वाक्य तसंच्या तसं भाषांतरित करू नकोस, ती मुलगी राजवाड्यावर भाजीवाल्याशी जी हिंदी बोलते त्या हिंदीत तिला आजीशी नव्याने भांडू दे. दोन्हीची खिचडी मात्र फक्त गंमत म्हणून नको.

कंसात "रडत", "हुंदका देऊन" असं जे लिहिलंयस ते सगळं काढ. पॅनेल बरेचदा सांगतं, हेच आता हसत कर, किंवा आजीला काही फरक पडू नये असं कर. हुंदका पाठ करून गेलीस तर तिथे गाडी अडकेल. वरचा तुकडा चिडून, लाडीगोडी लावून, घाईत, कसाही करता येतो का बघ. येत नसेल तर लिखाणातच काहीतरी आवळलेलं आहे. आणि ते विचारतील कोणाचं आहे हे, तर "माझंच" एवढं म्हण, आजोबांची हकिकत सुरू करू नकोस, तुकड्याने सांगायचं ते सांगितलेलं असतं.

पुढचा ड्राफ्ट लिहिलास की मला व्हिडिओ नको, आधी नुसता ऑडिओ पाठव. ऐकताना आजी कधी वळली, कधी डबा ठेवला हे मला न बघता कळलं तर आपण उभं राहून करायला घेऊ. रविवारी सकाळी मी रामबागेत असतो, पोहे खाऊन ये.

तुझा काका