केरळ सहलीचं पत्रक घरच्यांना कळेल असं कसं लिहावं?

प्रश्न: मी सहली काढतो. केरळचं ५ दिवसांचं पत्रक वाचूनही लोक फोन करून तेच तेच विचारतात. काय बदलू?

स्थळांची नावं कमी करा, वेळ लिहा. 'कोची–मुन्नार' एवढ्यावरून आजीला काहीच कळत नाही. 'सुमारे १३० किमी, घाटरस्ता, थांबे धरून ५ तास. संध्याकाळ मोकळी' असं वाचलं की त्या दिवशीची दमणूक लगेच लक्षात येते.

'समाविष्ट नाही' ही यादी शेवटी बारीक अक्षरात टाकू नका. खर्च ज्या दिवशी येतो तिथेच लिहा: थेक्कडीच्या बोटीचं तिकीट स्वतः काढायचं. हाउसबोटीतला एसी बहुधा फक्त रात्री चालतो, तेही आधीच सांगा. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी भांडणं तिथेच होतात.

'माणशी १८,५०० पासून' हे तर काढूनच टाका. त्याऐवजी चौघांचा हिशोब मांडा. समजा दोन मोठ्यांचे ३७,०००, जादा गादीसह मुलाचे १३,००० आणि गादीशिवाय धाकट्याचे ६,०००. झाले ५६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी २,८००, म्हणजे ५८,८०० रुपये. कोचीपर्यंतचं रेल्वे किंवा विमानाचं भाडं यात धरलेलं नाही, हे त्याच ओळीखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहा.