आईला हॉस्पिटलमधून एकट्याने घरी न्यायचं असेल तर

गाडी सगळ्यात शेवटी आणा. डिस्चार्ज मिळाला म्हटलं की आपण धावत पार्किंगकडे जातो, आणि तिथेच चुकतं. बिल, औषधं, फाईल यात सहज तासभर निघतो आणि पोर्चमध्ये वॉचमन पाच मिनिटंही उभं राहू देत नाही. मी एकदा आईला दारातल्या बाकावर बसवून गाडी आणायला गेलो. परत आलो तर रांग लागलेली, आणि मी दिसेना म्हणून ती पिशवी घेऊन उठून रस्त्यापर्यंत आलेली.

आता मी आधी सामान गाडीत ठेवून येतो, पुढची सीट पूर्ण मागे सरकवतो. मग वॉर्डबॉयला सांगतो, "मी येईपर्यंत आईंजवळ थांबा," आणि तेव्हाच गाडी आणायला जातो. आईच्या हातात फक्त फोन, तोही चार्ज केलेला.

गाडी फुटपाथला चिकटवू नका. मधे व्हीलचेअर मावेल एवढी जागा सोडा, म्हणजे खुर्ची रस्त्यावरच, गाडीच्या पातळीला येते. फुटपाथच्या उंचीवरून खोल सीटवर बसताना तोल जातो. खुर्चीचे ब्रेक लावा, पायठेवण्या वर दुमडा. आधी पाठ सीटकडे करून बसवायचं, डोकं दाराला लागू नये म्हणून वर हात धरायचा, मग दोन्ही पाय एकदम आत. आधाराला उघडं दार धरू देऊ नका, ते हलतं.

विमानतळावरही क्रम हाच. फक्त व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.