लग्नाचं व्हिडिओ निमंत्रण: पंचेचाळीस सेकंदांची स्क्रिप्ट

प्रश्न: बहिणीचं लग्न गावी, आचऱ्याला घरच्या मांडवात आहे. निमंत्रणाचा छोटा व्हिडिओ करायचाय. नावं, ठिकाण आणि स्वागत असं सगळं एका मिनिटाच्या आत बसवून स्क्रिप्ट कशी लिहू?

मी कुडाळला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. पत्रिका पुढ्यात घेऊन स्क्रिप्ट लिहायला बसू नका. पत्रिकेतली सगळी काका-मामांची नावं घातलीत की दीड मिनिट होतं आणि ठिकाण शेवटच्या पाटीत कोंबलं जातं. गेल्या वर्षी मी माझ्याच मावसभावासाठी असा व्हिडिओ केला. आधी समुद्राचा ड्रोन, मग श्लोक, मग नावं, आणि शेवटी दोन सेकंद ‘स्थळ: राहते घरी’. लग्नाच्या दिवशी सकाळभर मुंबईच्या पाहुण्यांचे फोन येत होते की कणकवलीला उतरलो, आता पुढे कुठे? घरच्यांना ‘राहते घरी’ म्हटलं की कळतं, चाकरमान्यांच्या सुनांना आणि ऑफिसातल्या मंडळींना कसं कळणार?

म्हणून सर्वांत जास्त वेळ ठिकाणाला द्या. आवाज घरातल्या मोठ्या माणसाचा घ्या, वडील किंवा आजी. ती माणसं सावकाश बोलतात, सेकंदाला साधारण दीड शब्द. म्हणजे पन्नास शब्दांना तेहेतीस-चौतीस सेकंद, वर सुरुवातीची सनई आणि मधले थांबे धरून पंचेचाळीस. खालचा मजकूर बरोबर पन्नास शब्दांचा आहे. नावं, तारीख आणि खुणा मी मनाने घातल्यात, तुमच्या घाला.

पहिली चार सेकंदं फक्त सनई आणि पडद्यावर ‘श्री गणेशाय नमः’. मग आवाज:

‘नमस्कार. आमची मानसी आणि सावंतवाडीचे निखिल यांचं लग्न ठरलंय. रविवार, चौदा फेब्रुवारी. मुहूर्त दुपारी बारा वाजून अठरा मिनिटांनी. लग्न आचऱ्याला, आमच्या घरच्याच मांडवात आहे. रेल्वेने येणाऱ्यांनी कणकवलीला उतरावं, तिथून आचऱ्याची एसटी मिळते. वाडीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे, तिथून मांडव दिसतो. जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. सगळ्यांनी येवचा हां, आमी वाट बघतंव.’

शेवटची ओळ मालवणीतच ठेवा. स्वागताला वेगळं भाषण लागत नाही, आजीच्या तोंडून हे आलं की माणूस रजा टाकतो.

आता पडदा. बरेच जण व्हिडिओ आवाज बंद ठेवून बघतात, त्यामुळे कान झाकले तरी सगळं कळायला हवं. नावांच्या पाटीवर ‘चि. सौ. कां. मानसी’ आणि ‘चि. निखिल’, खाली दोघांच्या आईवडिलांची नावं, बस्स. बाकी मोठ्यांचा मान ‘समस्त परिवार’ या एका ओळीत येतो, आणि पूर्ण पत्रिकेचा फोटो व्हिडिओसोबत पाठवा म्हणजे कोणी रुसत नाही. पाटी किती वेळ ठेवायची हे घड्याळावर ठरवू नका. ती मोठ्याने, न धावता दोनदा वाचून बघा, तेवढा वेळ ती पडद्यावर हवी. बोलणं पुढच्या वाक्यावर गेलं तरी चालेल. ठिकाणाची पाटी तर मी दहा सेकंदं ठेवतो: गाव, वाडी, तालुका मालवण, जवळचं स्टेशन, आणि पाराचा खरा फोटो. तो फोटो सकाळी, ज्या बाजूने एसटी येते त्या बाजूने काढा.

एक चूक मात्र हमखास होते. तयार टेम्प्लेटमधले कित्येक फॉन्ट ‘आचऱ्याला’ नीट दाखवत नाहीत. ‘ऱ्या’चा र मोडतो किंवा त्याचा ‘र्या’ होतो, आणि गावाचं नाव चुकलेलं पाहून वडील व्हिडिओ परत करायला लावतात. ‘मुहूर्त’मधला रफारही तपासा. बारीक, वेलबुट्टीचं अक्षर घेऊ नका, व्हॉट्सॲपवर व्हिडिओचा दर्जा उतरतो आणि काने-मात्रा पुसट होतात. फोन उभा धरून दिसेल असा करा, 1080 x 1920, आणि वरखाली मजकूर नको, कारण स्टेटसला लावला की वर नाव आणि खाली उत्तराची पट्टी येते.

नकाशाची लिंक आणि फोन नंबर व्हिडिओत घालू नका, तिथे बोट लावून काही उघडत नाही. ते खालच्या मेसेजमध्ये टाका. पण पाठवण्याआधी ती पिन गाडीने जाऊन बघा. आमच्याकडे एकदा ती खाडीच्या पलीकडे पडली होती, आणि पाहुण्यांची गाडी समोरच्या काठावर उभी होती.